'आवडतं' आणि 'आवडीचं' यातला 'व' वेगळा का ऐकू येतो? अकारलोपाबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न: आपण 'राम', 'घर', 'दगड' असं लिहितो, पण बोलताना शेवटचा अ म्हणतच नाही, राम् घर् दगड् असंच म्हणतो. हिंदीतपण तसंच. मग हा आळशीपणा आहे की खरंच काही नियम आहे? आणि नियम असेल तर लिहिताना पाय का मोडत नाही?

उत्तर:

नियम आहे, आणि बराच कडक आहे. आळशीपणा असता तर कोणी 'राम्' म्हटलं असतं, कोणी 'राम' मधला अ पूर्ण म्हटला असता, एकच माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं म्हणाला असता. तसं होत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूससुद्धा 'दगड' चा शेवटचा अ खातो आणि 'मित्र' चा खात नाही, आणि त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

मी मराठी आणि हिंदी मजकूर मशीनकडून वाचून घेण्याच्या कामात आहे, म्हणजे कुठला अ बोलायचा आणि कुठला गिळायचा हे आम्हाला मशीनला सांगावं लागतं. माणसाला हे न विचारता येतं त्यामुळे त्याचं लक्षच जात नाही, मशीनला मात्र एकेक गोष्ट उलगडून सांगावी लागते. आम्ही याला अकारलोप म्हणतो, इंग्रजी पुस्तकं वाचलेले लोक श्वा डिलिशन म्हणतात.

शेवटचा अ जातो हे सगळ्यांना माहीत असतं, तो भाग सोपा आहे. खरी गंमत मधल्या अ ची आहे आणि तो समजला की शेवटचापण आपोआप समजतो. एकच शब्द घेऊ, 'आवड'.

आवड म्हणताना आपण म्हणतो आवड्. व मधला अ स्पष्ट, ड चा अ गायब. आता 'आवडतं' म्हणून बघा. आवड्तं. इथेपण व मधला अ आहे आणि ड चा नाही, पण आता ड शेवटी नाहीये, मधे आहे, तरी गेला. आता 'आवडीचं' म्हणा, सावकाश नको, नेहमीच्या वेगात, 'माझ्या आवडीचं गाणं'. आव्डीचं! म्हणजे जो व आधी दोन्ही वेळा अ घेऊन उभा होता तोच आता अर्धा झाला. शब्द तोच, अक्षर तेच, आणि कधी पूर्ण कधी अर्धं.

याचा हिशोब असा आहे. शब्दाच्या उजव्या टोकापासून सुरू करायचं आणि डावीकडे यायचं. वाटेत जो अ भेटेल त्याला विचारायचं की तुझ्या आधी स्वर आणि मग एकच व्यंजन आहे का, आणि तुझ्यानंतर एकच व्यंजन आणि मग स्वर आहे का. दोन्हीला हो आलं तर तो अ जातो. जोडाक्षर लागून असेल तर राहतो. अगदी शेवटचा अ वेगळा, तो आधीच गेलेला धरायचा. आणि शब्दाच्या पहिल्या अक्षरातला अ कधीच जात नाही, कारण त्याच्या आधी टेकायला स्वरच नसतो.

'आवड' ला लावा. शेवटचा ड चा अ गेला. आता व चा अ. पुढे ड् आहे पण त्या ड् नंतर स्वर उरला नाही, म्हणून राहिला. आवड्. 'आवडतं' मधे तं चा अ अनुस्वारवाला आहे, त्याला हात लावायचा नाही (त्याच्याबद्दल शेवटी बोलू). ड चा अ: आधी व चा स्वर, पुढे तं चा स्वर, दोन्ही बाजूंनी आधार आहे, जातो. मग व चा अ: आता पुढे 'ड्त' असं जोडाक्षर तयार झालंय, हा पण काढला तर व्ड्तं असा तीन व्यंजनांचा गठ्ठा होईल, म्हणून राहतो. 'आवडीचं' मधे डी ला स्वतःची ई आहे, ती कुठे जात नाही, व चा अ आ आणि डी यांच्या मधे सापडतो आणि जातो.

डावीकडून सुरू करून बघा काय होतं. 'आवडतं' मधे पहिला भेटतो व, तो लगेच जातो, आणि हातात येतं 'आव्डतं'. असं कोणी बोलत नाही. दिशा महत्त्वाची आहे ती यामुळे, आणि माझ्या मते हीच या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, की बोलणारा माणूस डावीकडून उजवीकडे बोलतोय पण अ खायचा हिशोब उजवीकडून लागतो. अर्थात डोक्यात कोणी उलटं मोजत नाही, पण शब्दाचा शेवट कसा आहे हे माहीत असल्याशिवाय मधलं अक्षर अर्धं की पूर्ण हे ठरत नाही एवढं खरं.

हिंदीत हेच. समझ म्हणजे समझ्, समझना म्हणजे समझ्ना, आणि समझा म्हणजे सम्झा. आवड, आवडतं, आवडीचं याचीच हिंदी आवृत्ती. हिंदीसाठी हा नियम मंजरी ओहाला यांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात नीट मांडला, आणि मशीनसाठी काम करणारे आम्ही सगळे आजपण सुरुवात तिथूनच करतो.

आता हा नियम कुठे तोंडावर आपटतो ते सांगतो, कारण नुसता नियम सांगून थांबलं तर तुम्ही दोन दिवसांनी दहा अपवाद घेऊन याल.

'आठवण' घ्या. आपण म्हणतो आठ्वण्, नियमात बसतं. 'आठवतं' म्हणजे आठव्तं, तेही बसतं. आता 'आठवणी'. आठ, व, णी. उजवीकडून येताना पहिला भेटतो व चा अ, आधी स्वर आहे पुढे णी आहे, नियम म्हणतो काढ. उत्तर येतं 'आठव्णी'. पण 'शाळेच्या आठवणी' म्हणताना आपण आठ्वणी म्हणतो, ठ अर्धा, व पूर्ण. रोमनमधे लिहिणारे लोकपण डोळे झाकून athvani लिहितात. मात्र क्रियापद आलं की, 'त्याला नाव आठवणं कठीण आहे', तिथे आठव्णं होतं. म्हणजे जवळपास तीच अक्षरं, पण नाम असेल तर एक उच्चार आणि क्रियापद असेल तर दुसरा.

कारण असं आहे की 'आठवणी' हा शब्द 'आठवण' या तयार शब्दाला ई लागून झालाय. आठवण आधीच आठ्वण् म्हणून जिभेवर बसलेला आहे, ई लागल्यावर तो परत मोडून नव्याने मोजला जात नाही. 'आठवणं' मधे मात्र धातू 'आठव' आणि त्याला 'णं' लागलाय, जोड व नंतर आहे. हिंदीतलं प्रसिद्ध उदाहरण अगदी याच्यासारखंच आहे: 'दिल धड़कने लगा' मधे धड़क्ने, आणि 'दिल की धड़कनें' मधे धड़्कनें.

यावरून आम्हाला मशीनला काय शिकवावं लागतं ते कळेल. फक्त अक्षरं मोजून भागत नाही, शब्द कुठे जोडलाय ते आधी शोधावं लागतं. सर्वात जास्त चुका याच ठिकाणी होतात आणि त्या ऐकू येतात कशा तर मशीन 'रामनगर' ला 'रामन्गर' म्हणतं. माणूस ते राम् आणि नगर् असं तोडूनच म्हणतो. उपसर्गाचंपण तेच. 'असमान' मधला अ हा नकाराचा, मूळ शब्द समान. नुसता नियम लावला तर स चा अ जातो आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'अस्मान', म्हणजे आकाश! 'असमान वाटप' चं 'अस्मान वाटप' झालं की वाक्य हवेतच गेलं म्हणायचं. 'असफल', 'अगतिक' यांचीही तीच कथा. आमच्याकडे साधा उपाय असा की आधी ओळखीचे उपसर्ग आणि जोडशब्द तोडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा नियम लावायचा, आणि तरीही जे उरतं ते सरळ यादीत टाकायचं. यादी लांबत जाते, तिला इलाज नाही.

प्रत्यय मात्र सगळे उपसर्गासारखे वागत नाहीत. 'घरचा' मधे घर आणि चा असे दोन तुकडे आहेत पण उच्चार घर्चा, तोडून मोजा की सलग मोजा उत्तर तेच. आणि 'च' बघा, तो फार मजेशीर आहे. एक म्हणजे एक्, आज म्हणजे आज्. आता 'एकच', 'आजच' म्हणा. एकच्, आजच्. क आणि ज चा गेलेला अ परत आला! शेवटचं स्थान आता च ने घेतलं, च चा अ गेला, आणि आधीच्या अ ला राहणं भाग पडलं. ज्यांना वाटतं की राम, एक, आज हे शब्द मुळात व्यंजनान्तच आहेत आणि लिहिताना उगाच अ धरतो, त्यांनी हा 'च' लावून बघावा. अ शब्दात आहे, फक्त प्रत्येक वेळी बाहेर येत नाही.

आता जोडाक्षर. इथे मराठी आणि हिंदी एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि मराठी माणसाचं हिंदी, हिंदी माणसाचं मराठी लगेच ओळखू येतं ते बरंचसं याच्यामुळे. शेवटी जोडाक्षर असेल तर मराठी अ ठेवते. मित्र, शब्द, धर्म, रक्त, सत्य, सगळीकडे शेवटचा अ ऐकू येतो. हिंदीत शब्द् धर्म् रक्त् असं होतं, 'मित्र' सारख्या ठिकाणी र सुटताना नावापुरता काहीतरी स्वर ऐकू येतो तेवढाच. याचा परिणाम जोडशब्दातपण जातो. मराठीत shabdakosh लिहितात, हिंदीत shabdkosh, दोघेही आपापल्या कानाला प्रामाणिक आहेत.

पण 'जोडाक्षर असेल तर अ राहतो' इतकं सरळ पण नाहीये. आनंद, रंग, संत इथे अनुस्वारानंतर मराठीतही अ जातो. आणि फारसी, अरबी, इंग्रजीतून आलेले शब्द आले की परत वेगळं. 'हस्त' आणि 'मस्त' शेजारी ठेवा. लिहायला फक्त पहिलं अक्षर वेगळं, पण हस्त मधला अ राहतो आणि मस्त चं मस्त् होतं. खर्च, दोस्त, पार्क, टेस्ट हे सगळे मस्त च्या रांगेत. वर्ग, अर्क, व्यस्त हे हस्त च्या रांगेत. लिपीत याची काहीही खूण नाही. शब्द कुठून आलाय हे माहीत असल्याशिवाय मशीनला हे कळणार नाही, आणि गंमत म्हणजे बोलणाऱ्या माणसाला शब्द कुठून आलाय हे माहीत नसतं तरी तो बरोबर बोलतो.

मग मुळात हे झालं का? संस्कृतात देवः, प्राकृतात देवो, पुढे अपभ्रंशात आणि ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत देवु, आणि आता देव्. शब्दाचा शेवट टप्प्याटप्प्याने झिजत गेला, ओ चा आखूड उ झाला, उ चा अ झाला, आणि अ गेला. शब्दाच्या टोकाला जोर नसतो, तिथला स्वर आखूड होतो, आखूड स्वर पुसट होतो. लिपी मात्र मागे राहिली. सगळ्याच नातेवाईक भाषांत असं झालं असंही नाही, ओडियात शेवटचा स्वर अजून म्हणतात.

शेवटचा अ पूर्वी म्हणत असत याला पुरावा म्हणून लोक कविता पुढे करतात. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' ही ओळ भुजंगप्रयातात आहे, बारा अक्षरं, एक लघु दोन गुरू असं चार वेळा. तोडून बघा: ग णा धी, श जो ई, श स र्वां, गु णां चा. दोन्ही श पूर्ण म्हटले तरच बारा भरतात, आणि म्हणताना आपण ते म्हणतोही. नेहमीच्या बोलण्यासारखं 'गणाधीश् जो ईश्' म्हटलं तर ओळ लंगडी होते. पण मी हा पुरावा जपूनच वापरतो. वृत्त संस्कृतातून आलं, त्याचा हिशोबपण संस्कृतासारखा लिहिलेल्या अक्षरांचा, त्यामुळे सतराव्या शतकात रस्त्यावरचा माणूस श चा अ म्हणत होता असं यावरून सिद्ध होत नाही. छंदात तो मोजायचा एवढंच कळतं.

मला त्यापेक्षा जास्त पटणारा पुरावा आपल्या शुद्धलेखनातच आहे आणि तो सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो, फक्त कशाचा ते कोणी सांगितलेलं नसतं. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार उकार दीर्घ लिहायचा: फूल, वीट, गरीब, वकील. आणि विभक्ती लागली की ऱ्हस्व: फुलाला, विटेला, गरिबाला, वकिलाला. पोरांना हा नियम डोक्याला ताप वाटतो. पण अ जातो हे लक्षात घेतलं की नियम उलगडतो. 'फूल' मधे ल चा अ गेला, दोन अक्षरांच्या शब्दाचा एकाच ठोक्याचा शब्द झाला, आणि गेलेल्या अ ची जागा उ ने लांबून भरून काढली. 'फुलाला' मधे ल ला आ मिळाला, काही गेलंच नाही, मग उ लांबायचं कारणपण राहिलं नाही. म्हणजे तो दीर्घ ऊ ही गेलेल्या अ ची पावतीच आहे.

तत्सम शब्दात नियम म्हणतो मूळ संस्कृतप्रमाणे ऱ्हस्वच ठेवा, म्हणून मंदिर, गुण, विष. पण तोंडाला संस्कृत माहीत नसतं, तिथेही अ गेला की आधीचा स्वर लांबतो, आणि म्हणून निम्मे लोक 'मंदीर' लिहितात. ते चूक लिहितात हे खरं, पण ऐकतात बरोबर.

दुसरीकडे बघा, माणूस, लाकूड, कापूस. यांना विभक्ती लागली की माणसाला, लाकडाला, कापसाला. पहिलं अक्षर दीर्घ असलं की सामान्यरूपात मधल्या ऊ चा अ होतो. आणि तो अ झाल्याझाल्या आपल्या उजवीकडून मोजायच्या नियमात सापडतो: माण्साला, लाक्डाला, काप्साला. ऊ चा अ झाला आणि अ चं काहीच उरलं नाही. लिहिताना आपण मधला टप्पा पकडून ठेवलाय.

आता पाय का मोडत नाही. कारण गरज नाही. वाचणारा मराठी असेल तर त्याला नियम येतो, आणि प्रत्येक ठिकाणी पाय मोडायला लागलं तर आवड्, आवड्तं, आव्डीचं असं एकाच शब्दाचं तीन तऱ्हेचं स्पेलिंग होईल, शब्द ओळखूच येणार नाही. उलट आपण असलेले पाय मोडणंही सोडून दिलं. संस्कृतात विद्वान्, अर्थात्, क्वचित् असं होतं, मराठीत नियमानेच विद्वान, अर्थात, क्वचित लिहितात. शेवटचा अ कोणी म्हणणारच नाहीये तर हलन्त दाखवून काय सांगणार?

मराठीला खूण लागते ती नेमकी उलट्या ठिकाणी, जिथे शेवटचा अ म्हणायचा असतो तिथे. आणि तिथे आपण अनुस्वार देतो. 'घर' आणि 'घरं' म्हणून बघा. पहिलं घर्, एक. दुसरं घरऽ, अनेक. 'घरं' मधे नाकातून काहीही येत नाही, प्रमाण बोलण्यात आता कोणी तिथे नाक वापरत नाही. तो टिंब फक्त एवढंच सांगतो की हा अ खाऊ नका. केलं, झालं, माझं, बोलणं, आणि मगाचं आपलं आवडतं, सगळीकडे हेच. हे पूर्वी केलें, माझें असे होते, तिथे एं होता, तो बोलण्यात अ झाला पण नंतर झाल्यामुळे आणि जोर टिकून राहिल्यामुळे पुसला गेला नाही. हिंदीत अशी सोय नाही, तिथे अनुस्वार दिला की खरंच नाकातून म्हणतात, म्हणून नवीन हिंदीभाषक माणूस मराठी वाचताना 'माझं' ला 'माझम्' किंवा गुणगुणल्यासारखं काहीतरी म्हणतो.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर शब्द एकटा म्हणू नका, एकटा म्हटला की आपण जास्तच स्पष्ट बोलतो आणि मधले अ परत येतात. वाक्यात घाला, नेहमीच्या वेगात म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. शेवटचा अ तुम्ही कितीही सावकाश बोललात तरी बहुतेक वेळा येणार नाही, मधला मात्र वेगाप्रमाणे कमीजास्त होतो, 'उपयोग' सारखे शब्द बातम्या वाचणारा पूर्ण म्हणेल आणि गप्पा मारताना तोच माणूस उप्योग् म्हणेल.